परसूचे दोन दाखले

परसूने पहिल्यांदा माझ्या टेबलावर बायोडाटा ठेवला तेव्हा मी मोठ्याने हसले होते, हे आधीच कबूल करते. कागदाच्या डोक्यावर कुलस्वामिनीचं नाव, त्याखाली रास वृषभ, गण मनुष्य, रंग निमगोरा, मामाचं गाव अनगोळ, आणि अगदी तळाशी एका ओळीत 'व्यवसाय: जॉबर'. पंधरा वर्षांपूर्वी लग्न जमवण्यासाठी टाईप केलेला तो कागद. एजंटने बायोडाटा मागितला, घरात एक होता, तो घेऊन परसू आला.

"निमगोरा तेवढं इंग्लिशमधी नीट बसवा आक्का," तो म्हणाला, "तिकडं थंडी हाय म्हणं, आणि उजळन." चेहरा एकदम गंभीर. परसूची थट्टा अशीच असायची, आणि ती थट्टा आहे हे कळायला मला दोन-तीन भेटी लागल्या.

वडगावात माझं छोटं दुकान आहे. एकोणीस वर्षं मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. मग पोरं इंग्रजी आणि कन्नड शाळांकडे गेली, आमच्या शाळेत बाकं जास्त आणि मुलं कमी अशी गत झाली, तेव्हा मी बाहेर पडले आणि एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन घेऊन बसले. आमच्या या सीमाभागात कागद तीन भाषांत फिरतो. जन्माचा दाखला कन्नडमध्ये, शाळेचा मराठीत, आणि जायचं असतं दुबईला. त्या सगळ्याचं इंग्रजी करून खाली 'मूळ कागदाप्रमाणे पूर्ण आणि अचूक भाषांतर' असं लिहून सही-शिक्का मारायचा, हा माझा धंदा. अचूक या शब्दाचा मला फार अभिमान होता.

परसू म्हणजे जॉबर. आमच्याकडे यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात. माग जोडायचा, ताण्याच्या धाग्यांचा बीम चढवायचा, फणी बसवायची, धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी नळी, अडकला की का अडकला ते शोधायचं, साडीच्या काठावर नक्षी पाडणारं जकार्ड बिघडलं तर ते नीट करायचं. विणणारा विणतो, पण माग चालतो तो जॉबरच्या जिवावर. परसूचे वडील विणकरच होते. ते गेले तेव्हा परसू बारा वर्षांचा होता. आई मालुबाईने त्याला आण्णाप्पांच्या दारात नेऊन उभं केलं आणि म्हणाली, याला पोटाला घाला आणि काहीतरी शिकवा. आण्णाप्पांनी दोन्ही केलं. ही १९९९ सालची गोष्ट.

आण्णाप्पांची सोळा मागांची शेड होती. परसू सकाळी तिथेच यायचा, तिथेच जेवायचा, आण्णाप्पांच्या बायकोच्या, जयाबाईंच्या हाताखाली दळण आणायचा, आणि उरलेला वेळ मागाखाली पालथा पडलेला असायचा. शाळा सुटली. पुढे आण्णाप्पांनीच मागे लागून त्याला दहावीला बाहेरून बसवलं, तो दुसऱ्या खेपेला पास झाला. त्याचं लग्न आण्णाप्पांनी लावलं, मुलगी सौम्या झाली तेव्हा दवाखान्यात जयाबाई बसल्या होत्या. पगार असा ठरलेला कधी नव्हताच. लागेल तेव्हा आण्णाप्पा, सगळ्यांचे आप्पा, द्यायचे, आणि परसूला लागेल ते त्याच्या तोंडाकडे बघून जयाबाईंना कळायचं. आण्णाप्पांचा स्वतःचा मुलगा शिवराज शिकून पुण्याला गेला, त्याने मागाला कधी हात लावला नाही. गल्लीतले लोक चेष्टेने म्हणायचे, आप्पांचा एक मुलगा पुण्यात आणि दुसरा मागाखाली.

आता त्या सोळातले पाच माग चालत होते. बाहेरून येणाऱ्या स्वस्त साडीपुढे आमच्या साडीचं काय होतंय ते वडगावात कुणाला सांगावं लागत नाही. धोट्याचे जुने माग जिकडे तिकडे भंगारात निघाले होते, नव्या मागांना धोटाच नसतो, आणि परसूचं सगळं शहाणपण त्या धोट्यात. अडतिसाव्या वर्षी तो अशा कामात तरबेज होता जे काम जगातून उठत चाललं होतं. तो हे माझ्यापेक्षा स्वच्छ जाणून होता. त्याने ते बोलूनही दाखवलं, अगदी सहज, झेरॉक्स मोजता मोजता.

म्हणून रोमानियाची जागा म्हणजे नवलच होतं. तिथल्या एका जुन्या कारखान्यात जाड पट्ट्यांचं कापड अजून धोट्याच्या मागावर विणतात. दुरुस्ती करणारी त्यांची माणसं म्हातारी होऊन घरी बसली आणि नवी मिळेनात. निपाणीत बसस्टँडजवळ एका एजन्सीची दुसऱ्या मजल्यावर शाखा आहे, तिथल्या नागेंद्रने परसूला शोधून काढलं. व्हिडिओ कॉलवर परीक्षा घेतली. तिकडच्या मुकादमाने फोन एका मागासमोर धरला. त्याचा धोटा सारखा उडून बाहेर पडत होता. परसूने चित्राकडे बघितलंही नाही, डोळे मिटून आवाज ऐकला, पुन्हा चालवायला सांगितलं, आणि म्हणाला, धोट्याला मार वेळेआधी बसतोय. कुठला नट किती फिरवायचा ते त्याने हाताने दाखवलं. त्यांनी फिरवला, माग सुरळीत चालला, आणि तो मुकादम फोनमध्ये तोंड घालून हसला म्हणे. माणूस पसंत होता. आता फक्त कागद हवे होते. तिथल्या सरकारकडून कामाचा परवाना काढायला कारखान्याला ते दाखवावे लागतात.

बायोडाटा आम्ही चार दिवस करत होतो. रास, गण, रंग, जात सगळं काढलं. वडिलांचं नाव काढताना परसू जरा थांबला, पण पासपोर्टवर आहे म्हटल्यावर गप्प बसला. जॉबर हा शब्द तसाच ठेवून चालणार नव्हतं, तिकडच्या माणसाला त्यातून काहीच बोध झाला नसता. नागेंद्रने फोनवर सुचवलं की टेक्स्टाईल इंजिनिअर लिहा, वजन पडेल. मी त्याला झाडलं. इंजिनिअर लिहिलं की पुढचा माणूस पदवी मागतो. मी 'लूम फिटर' लिहिलं, कंसात 'स्थानिक हुद्दा: जॉबर' असं दिलं आणि खाली तो काय काय करतो त्याच्या साध्या सात ओळी घातल्या. हुद्दा परका असला तरी काम सगळीकडे कळतं.

दहावीचंही तसंच. कुणी तिथे 'हायस्कूल ग्रॅज्युएट' ठोकून देतं. तसं लिहिलं की बाहेरचा माणूस बारावी समजतो, आणि मग गुणपत्रिका बघून आपल्याला खोटारडं ठरवतो. मी परीक्षेचं मूळ नाव जसंच्या तसं ठेवलं, पुढे 'दहा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतरची राज्य मंडळाची परीक्षा, खाजगी उमेदवार' एवढंच लिहिलं. आपली परीक्षा त्यांच्या कुठल्या परीक्षेच्या बरोबरीची, हे ठरवणं भाषांतर करणाऱ्याचं काम नाही, ते ठरवायला त्यांची कार्यालयं असतात. अनुभव मात्र मी २००५ पासून धरला, परसू अठराचा झाला तिथपासून. बारा वर्षांचा असल्यापासून काम करतोय ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट, पण तिकडे ते बालमजुरी म्हणून वाचतात. परसूला सहा वर्षं गेल्याचं वाईट वाटलं. "त्या सा वरसातच तर सगळं शिकलो की," तो म्हणाला.

बायोडाटा चांगला झाला. अजूनही माझ्याकडे त्याची प्रत आहे आणि त्यात मला आज एकही शब्द बदलावासा वाटत नाही.

घोळ झाला तो दाखल्यात. मालकाकडून अनुभवाचा दाखला हवा होता, मूळ आणि सोबत पूर्ण भाषांतर. परसूने आप्पांना सांगितलं, दाखला द्या. आप्पांनी दोन दिवस घेतले. शहात्तर वर्षांचा माणूस, हात थोडा कापतो, पण अक्षर असं की फळ्यावर लिहून ठेवावं. शेडचं नाव छापलेल्या जुन्या कागदावर त्यांनी दीड पान लिहिलं होतं.

त्यांनी लिहिलं होतं की चिरंजीव परशराम बारा वर्षांचा असताना आमच्या घरी आला आणि तेव्हापासून आमच्या घरातलाच आहे. आमच्या चुलीवरचं जेवण तो जेवला. शिवराज आणि तो यांत आम्ही भेद केला नाही. त्याने कधी पगार मागितला नाही आणि पगार म्हणून आम्ही कधी दिला नाही. वेळकाळ बघितली नाही, दिवाळीच्या दिवशीसुद्धा माग बंद पडला तर तो धावत आला. असा माणूस आम्हाला पुन्हा मिळणार नाही, पण त्याच्या भल्यासाठी आम्ही त्याला काळजावर दगड ठेवून पाठवत आहोत. तिकडच्या मालकांनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवावं, ही विनंती.

मी ते वाचलं आणि माझे डोळे भरून आले. दिवसभर मी उत्पन्नाचे दाखले आणि रहिवासी दाखले भाषांतरित करते, त्यात माणूस नसतोच. इथे एका वाक्यात सव्वीस वर्षं होती. तेव्हाच मला थांबायला हवं होतं. जी बाई बायोडाट्यातली सहा वर्षं कापण्याइतकी शहाणी होती, तिने हा दाखला परत पाठवायला हवा होता. पण मला मोह झाला. वाटलं, हे वाचून कुठलाही माणूस विरघळेल. मी तीन तास बसून त्याचं असं इंग्रजी केलं की माझ्या सगळ्या आयुष्यात तसं केलं नव्हतं. चूल आली, दिवाळी आली, पोटचं पोर आलं. खाली पूर्ण आणि अचूक म्हणून शिक्का मारला आणि त्याच दुपारी मूळ आणि भाषांतर दोन्ही स्कॅन करून नागेंद्रला पाठवून दिलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. नागेंद्रने मला पुढे पाठवलं, कारण ते परसूला सांगायचं कसं हे त्याला समजेना. कारखान्याच्या कचेरीतल्या बाईने सभ्यपणे लिहिलं होतं की पत्रावरून अर्जदार हा लिहिणाऱ्याचा नातेवाईक किंवा घरातला सदस्य दिसतो, लहानपणापासून त्याने वेतनाशिवाय घरच्या व्यवसायात मदत केलेली आहे, आणि अशी मदत परवान्यासाठी नोकरीचा अनुभव म्हणून धरता येत नाही. तरी अर्जदार खरोखर कामाला असल्यास हुद्दा, तारखा, कामाचे तास आणि वेतन असलेला रीतसर दाखला पाठवावा.

मी ते तीनदा वाचलं. तिचं काहीही चुकलं नव्हतं. जे लिहून गेलं होतं त्याचा तिकडे तोच अर्थ होत होता. आपल्याकडे एखाद्याला घरातला म्हणणं ही मोठ्यात मोठी पावती. मी ती पावती समुद्रापार नेली आणि तिथे तिचा पुरावा झाला, की हा माणूस कधी कामालाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसूबरोबर आप्पांच्या घरी गेले. जयाबाई आत होत्या, आप्पा ओट्यावर. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दीड पानाचं अर्धं पान करायचं, माया वगैरे काढायची. परशराम २००५ सालच्या अमुक तारखेपासून आमच्याकडे नोकरीस आहे, हुद्दा जॉबर, वेळ आठ ते पाच, रविवार सुट्टी, दरमहा वेतन. आप्पा ऐकत होते, आणि नोकरीस या शब्दावर त्यांनी मला थांबवलं.

"माधवी, म्हंजे मी परसूला नोकर म्हणून लिवून देऊ व्हय?"

मी म्हटलं, आप्पा, तो नुसता कागद आहे. त्यावर ते म्हणाले की पहिला पण कागदच होता, तो मी दोन दिवस बसून लिहिलाय, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नाही. मग ते परसूकडे वळले. परसू खाली मान घालून उभा होता. मला वाटलं तो म्हणेल, जाऊ द्या. मला मनातून तसंच वाटत होतं, खरं सांगायचं तर. पण त्याने मान वर केली.

"लिवा आप्पा," तो म्हणाला. "मी नोकर हुतो म्हणून लिवा. मला जायाचं हाय. हितं आता माज्यासाठी माग न्हाय."

आप्पांनी पेन मागितलं. मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले, एकेक ओळ, माझ्या तोंडचीच. वेतनाच्या ओळीला त्यांनी विचारलं की काय लिहू, मी दिलेलंच नाही, आणि मी म्हटलं की त्याच्या घरखर्चाला महिन्याला जे जात होतं ते लिहा. सही करून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

तेवढ्यात जयाबाई चहा घेऊन आल्या. परसूने त्या घरात सव्वीस वर्षं स्वतः चुलीपाशी जाऊन कप भरून घेतला होता. त्या दिवशी त्यांनी त्याच्यासमोर बशीसकट कप धरला, वर दोन बिस्किटं, आणि म्हणाल्या, "घ्या." त्याला आजवर त्या 'अरे' म्हणत होत्या. त्यांनी हे रागाने केलं का, मला ठाऊक नाही. नोकराला असा चहा कुणी देत नाही, तो पाहुण्याला देतात. परसूने चहा घेतला, बिस्किटांना हात लावला नाही.

मी भाषांतर केलं, अर्ध्या पानाचं, कोरडं ठणठणीत, आणि पाठवलं. या वेळी माझ्या मनात जरासुद्धा शंका नव्हती. त्यांनी मागितलं तेच दिलं होतं.

पुढचा महिनाभर परसू शेडमध्ये जात होता, पण आप्पा पाच वाजता स्वतः येऊन वीज बंद करायला लागले. "पाच वाजले, जा घरी," एवढंच बोलायचे. परसूने एकदा सांगितलं की आप्पा, बीम अर्धा चढवलाय, तासाभरात उरकतो. आप्पा म्हणाले, आठ ते पाच लिहून दिलंय. रविवारी परसू नेहमीसारखा गेला तर शेडला कुलूप होतं. जेवायची वेळ झाली की जयाबाई आतून हाक मारायच्या, ती हाक थांबली. बायको मनिषा डबा भरून द्यायला लागली आणि तो शेडच्या दारात बसून खायचा. हे सगळं तो मला दुकानात येऊन सांगायचा, थट्टेच्या सुरात. "प्रमोशन झालं आक्का, रविवार सुट्टी," असं म्हणायचा. आता मला त्याची थट्टा लगेच कळायची आणि मी तिला हसू शकत नव्हते.

मग दुसरं उत्तर आलं. नागेंद्रने परसूला निपाणीला बोलावलं होतं, पण परसू मलाही चला म्हणाला, म्हणून आम्ही दोघं गेलो. नागेंद्र वाईट माणूस नाही. त्याने खुर्च्या दिल्या, पंखा लावला आणि छापलेला कागद माझ्यासमोर सरकवला. इंग्रजी मी वाचायचं आणि परसूला मराठीत सांगायचं, हे माझ्यावर आलं. आयुष्यात मी इतकं भाषांतर केलं, पण उलट्या दिशेने असं कधी केलं नव्हतं.

कागदात लिहिलं होतं की एकाच व्यक्तीने, एकाच सहीने, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन पत्रं दिली आहेत. पहिल्यात अर्जदाराला वेतन कधीच दिलं नाही असं आहे, दुसऱ्यात दरमहा दिलं असं आहे. पहिल्यात तो बाराव्या वर्षापासून, म्हणजे १९९९ पासून आहे, दुसऱ्यात २००५ पासून. पहिल्यात कामाला ठरलेली वेळ नाही, दुसऱ्यात आठ ते पाच. दोन्हीपैकी निदान एक तरी असत्य आहे, आणि असत्य कागदपत्राच्या आधारे परवाना मागता येत नाही. अर्ज बंद करण्यात येत आहे. मुकादमाने अर्जदाराची शिफारस केली होती याची नोंद घेतली आहे.

मी सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं, अचूक भाषांतराची सवय. परसूने कागद स्वतःकडे ओढून बघितला, जणू त्याला इंग्रजी येतं. मग विचारलं, "आक्का, त्यातलं खरं कुटलं, ते त्यांनी इचारलंय का?"

मी म्हटलं, नाही विचारलं.

नागेंद्र म्हणाला की आता आमच्या पुस्तकात शेरा पडतो, दुसरीकडे पाठवायचं म्हटलं तरी आमच्यामार्फत जमणार नाही, आमचे साहेब असा अर्ज घेत नाहीत. तो माझ्याकडे न बघता बोलत होता. मी त्याला सांगितलं की दोन्ही कागद खरे आहेत, हवं तर मी तिकडे पत्र लिहिते, आमच्याकडची रीत समजावते. मी लिहिलंही, पुढच्या आठवड्यात, चांगलं दोन पानी. त्याला उत्तर आलं नाही. माझी चूक कुठली ते मला पक्कं माहीत आहे. पहिला कागद मी पाठवायलाच नको होता, आणि पाठवल्यावर दुसरा मागायला नको होता. दोन्ही वेळा मी हुशारीने वागले.

परतीच्या बसमध्ये परसू खिडकीपाशी बसला होता. संकेश्वर गेल्यावर त्याने एवढंच विचारलं की आप्पांना हे सांगायचं का. मी म्हटलं, तूच ठरव. त्याने सांगितलं नाही. आप्पांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की परसूचा कागद तिकडे वाटेत आहे, आज ना उद्या बोलावणं येईल. म्हणून ते रोज पाच वाजता वीज बंद करत राहिले. एकदा परसू माझ्याकडे म्हणाला की सांगितलं तर ते परत जेवायला बोलावतील, आणि मग मी कोणत्या तोंडाने जाऊन बसू. नोकर म्हणून लिवा असं मीच म्हटलंय, त्यांनी न्हाय. मी त्याला चहा मागवला.

पावसाळा सरल्यावर आप्पा गेले. सकाळी अंघोळ करून बसले आणि बसल्या जागी गेले. शिवराज पुण्याहून आला, विधी झाले. शिवराजच्या बरोबरीने परसूनेही डोकं भादरायचं का, हा प्रश्न निघालाच नाही. परसू लाकडं रचायला होता, मागच्या रांगेत.

चौथ्या दिवशी शिवराज माझ्या दुकानात आला. गल्लीच्या तोंडाला लावायचा श्रद्धांजलीचा फलक आणि बाराव्याची पत्रिका दोन्ही करायचं होतं. आप्पांचा मोठा फोटो भिंतीवरून काढून परसू सोबत घेऊन आला होता, तो दाराशी उभा राहिला. शिवराज नावं सांगत गेला, मी टाईप करत गेले. शोकाकुल म्हणून पत्नी, मुलगा, सून, नातवंडं, मग भाऊबंद, मग पाहुणे मंडळी. शेवटी त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, खाली 'व कामगार वर्ग' असं टाका, एकटा परसूच आहे, पण वर्ग बरं दिसतं. तो मुद्दाम बोलला नव्हता. वडिलांच्या कागदांत त्याला परसूच्या दाखल्याची प्रत सापडली होती, दुसऱ्या दाखल्याची. ते वाचून आपल्या घरात परसू कोण होता हे त्याने ठरवून टाकलं होतं. पहिल्याची प्रत आप्पांनी ठेवलीच नव्हती, मूळ कागद अजून माझ्या कपाटात होता.

शिवराज फोन आला म्हणून बाहेर गेला. मी परसूला जवळ बोलावलं. मी म्हटलं, परसू, मी इथे मुलाच्या नावाखाली तुझं नाव घालते, 'मानसपुत्र परशराम' म्हणून. पहिला दाखला माझ्याकडे आहे, आप्पांच्या हातचा, तो मी शिवराजला दाखवते. तो नाही म्हणणार नाही.

परसूने स्क्रीनवरची नावं वरपासून खालपर्यंत वाचली. त्याचं बोट 'कामगार वर्ग' वर येऊन थांबलं.

"नको आक्का," तो म्हणाला. "परत दोन कागदं व्हत्याल."

मी तसंच छापलं.